‘छापण्याआधी एकदा बघून घ्या’: पोस्टरची प्रतिमा तपासावी कशी?

फोनवर पोस्टरची प्रतिमा येते, खाली ‘छापण्याआधी एकदा बघून घ्या’ एवढीच ओळ असते आणि बहुतेक वेळा छपाई दुसऱ्याच दिवशी सकाळी ठरलेली असते. या एका ओळीत दोन निरनिराळी कामे सांगितलेली असतात. पोस्टर दिसते कसे, याबद्दल मत देणे हे एक काम. त्यावरील प्रत्येक अक्षर, आकडा आणि ओळ जागच्या जागी आहे याची हमी देणे हे दुसरे. आपण ‘छान झाले आहे’ असे कळवतो तेव्हा आपल्या मनात फक्त मत असते, पण पाठवणारा ते उत्तर हमी समजून फाइल छापखान्याकडे रवाना करतो. या लेखात दुसऱ्या कामाची पद्धत क्रमाने मांडली आहे, कारण मराठी पोस्टरच्या बाबतीत ते काम नुसते ‘नीट वाचून’ होत नाही.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुना पोस्टर समोर ठेवू. ए-३ आकाराचे, उभे, ‘छायाचित्र जतन कार्यशाळा’ असे मोठे शीर्षक असलेले. त्याखाली ‘जेष्ठ छायाचित्रकारांचे मार्गदर्शन’ ही ओळ, मग ‘रविवार, दिनांक १५ जून २०२६, सकाळी १० ते दुपारी १’. मध्यभागी एक जुने छायाचित्र. त्याखाली ‘विद्यार्थांसाठी दुसर्या सत्रात प्रात्यक्षिक’, ‘प्रवेश नि:शुल्क’, ‘सर्वानी उपस्थीत राहावे’, आणि तळाशी क्यूआर कोड, संपर्क क्रमांक व आयोजकांची नावे. यातील काही चुका वाचकाला आत्ताच दिसल्या असतील. ज्या दिसल्या नाहीत, त्या जास्त महाग पडणाऱ्या आहेत.

आधी प्रतिमा तपासण्याजोगी आहे का, ते पाहा

पोस्टर उघडून लगेच वाचायला लागू नये. प्रतिमेचा तपशील उघडावा आणि तिची मापे पाहावीत. ए-३ कागद २९७ × ४२० मिलिमीटरचा असतो, आणि छपाईसाठी प्रचलित असलेली इंचाला ३०० पिक्सेल ही घनता धरली, तर त्याच्या प्रतिमेत ३५०८ × ४९६१ पिक्सेल असायला हवेत. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून आलेली प्रतिमा मात्र वाटेत आक्रसलेली असते. आपल्या नमुना पोस्टरची मापे ११३१ × १६०० आहेत असे समजू. म्हणजे ४२० मिलिमीटर उंचीला १६०० पिक्सेल, अर्थात इंचाला सुमारे ९७.

या आकड्याचा मराठी अक्षरांवर होणारा परिणाम जवळून पाहण्यासारखा आहे. तळाशी १२ पॉइंटमध्ये लिहिलेल्या ओळीला, वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत, या प्रतिमेत जेमतेम १६ पिक्सेल मिळतात. त्यातल्या अनुस्वाराच्या वाट्याला दोनएक पिक्सेल येतात. ‘सर्वांनी’ या शब्दात तर रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या अगदी शेजारी बसतात, आणि आक्रसलेल्या प्रतिमेत ते दोन्ही मिळून एकच करडा ठिपका दिसू शकतो. अशा वेळी अनुस्वार द्यायचाच राहून गेला आहे की प्रतिमेने गिळला आहे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. मोठे करून पाहिल्यानेही उपयोग नाही, कारण नसलेला तपशील मोठा करून दिसत नाही. लाल अक्षरे निळ्या पार्श्वभूमीवर असतील तर कडा आणखी फिसकटतात, आणि तो दोष डिझायनरचा नसून प्रतिमा दाबली गेल्याचा असतो.

म्हणून पहिले उत्तर हेच पाठवावे: ‘कृपया छपाईची पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ज्या मजकुरावरून पोस्टर केले तो मूळ मजकूरही पाठवा.’ या दोन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय मी अलीकडे एकही पोस्टर तपासून देत नाही. घाई असली तर फार तर असे कळवतो की शीर्षक आणि मांडणी पाहिली आहे, बारीक मजकूर पाहिलेला नाही. अर्धवट तपासणी ‘अर्धवट’ म्हणून कळवली, तर तिच्यावर कोणी चुकून विसंबून राहत नाही.

पीडीएफ आली की तिच्यातील एक ओळ निवडून कॉपी होते का, हे करून पाहावे. होत असेल तर सगळा मजकूर बाहेर काढून शब्दतपासणीच्या साधनात घालता येतो आणि मूळ मजकुराशी जुळवता येतो. पण छपाईच्या फाइलीत अक्षरे बहुतेक वेळा ‘कर्व्ह’ केलेली असतात, म्हणजे ती अक्षरे न राहता केवळ आकार झालेली असतात. किंवा फॉन्ट जुन्या पद्धतीचा असतो आणि कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा हाती येतो. तसे झाले की डोळ्यांनीच तपासणे आले.

तपशील: आठवणीशी ताडून पाहू नका

शुद्धलेखनाच्या आधी तथ्ये तपासावीत, कारण वेलांटी चुकली तर वाचक हळहळतो, पण तारीख चुकली तर तो कार्यक्रमाला पोचतच नाही. इथे एकच पथ्य कडकपणे पाळावे लागते: आपल्याला आठवते त्याच्याशी पोस्टर ताडून पाहायचे नाही. प्रत्येक तपशील त्याच्या उगमाशी ताडून पाहायचा. तारीख सभागृहाच्या आरक्षणपत्राशी, वक्त्याचे नाव आणि पद त्यांनी स्वतः पाठवलेल्या परिचयाशी, वेळ आयोजकांच्या कार्यक्रमपत्रिकेशी. बैठकीत आपण स्वतः हजर होतो, हा पुरावा धरू नये; बैठकीनंतर बदललेली वेळ आपल्या आठवणीत नसते.

आता नमुना पोस्टरवरील ‘रविवार, दिनांक १५ जून २०२६’ पाहा. कॅलेंडर उघडले की दिसते, या दिवशी सोमवार आहे. रविवार १४ तारखेला येतो. आता ही चूक आली कोठून? २०२५ मध्ये १५ जूनला रविवार होता. म्हणजे डिझायनरने गेल्या वर्षीची फाइल उघडली, साल बदलले, आणि वार व तारीख जशीच्या तशी राहिली. एवढे कळले की तपासणीची दिशाच बदलते. आता पोस्टरवरची प्रत्येक गोष्ट गेल्या वर्षीची असू शकते असे धरून चालावे लागते: वेळ, सभागृहाचे नाव, मजला, प्रायोजकांची चिन्हे, पदाधिकाऱ्यांची पदे, संपर्क क्रमांक आणि विशेषतः क्यूआर कोड.

अशा ठिकाणी तपासणाऱ्याने स्वतःच दुरुस्ती सांगून टाकू नये. ‘१४ करा’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण वार चुकला आहे की तारीख, हे पोस्टर सांगत नाही. कार्यक्रम खरोखरच सोमवारी ठेवलेला असू शकतो. ‘वार आणि तारीख जुळत नाहीत; आरक्षण कोणत्या दिवसाचे आहे ते पाहून कळवावे’ असा प्रश्न आयोजकांना पाठवावा आणि लेखी उत्तर आल्यावरच ती नोंद मिटवावी.

क्यूआर कोड दिसायला सगळे सारखेच, म्हणून त्याच्याकडे चित्र म्हणून पाहिले जाते. तो प्रत्यक्ष फोनने उघडावा आणि जे पान येईल ते शेवटपर्यंत वाचावे. नमुना पोस्टरवरील कोड व्यवस्थित उघडतो, पण नोंदणीच्या पानावर साल २०२५ आहे. कोड ‘चालतो’ एवढ्यावर समाधान मानले असते, तर ही चूक छापली गेली असती. शिवाय कोडच्या चारी बाजूंना, त्यातील सर्वांत लहान चौकोनाच्या चौपट रुंदीची कोरी जागा असायला हवी. चौकट सुंदर दिसावी म्हणून डिझायनरने ती जागा भरली असेल, तर काही फोनना कोड ओळखताच येत नाही. पोस्टर किती अंतरावरून पाहिले जाणार याचाही विचार करावा: अंतराच्या दहाव्या भागाइतकी कोडची रुंदी, असा ढोबळ हिशेब वापरतात. दीड मीटरवरून उघडायचा कोड १५ सेंटिमीटरचा हवा. ए-३ पोस्टरवर तेवढी जागा नसते, म्हणून तो वाचकाला जवळ जाऊन उघडता येईल अशा उंचीवर आहे का, हे तरी पाहावे.

संपर्क क्रमांक वाचून तपासू नये, तो पोस्टरवरून पाहून फोनवर लावावा. मराठी पोस्टरवर इथे एक खास धोका असतो. देवनागरी ४ आणि रोमन 8, तसेच देवनागरी १ आणि रोमन 9 हे आकडे दिसायला जवळचे आहेत. तारीख देवनागरीत आणि क्रमांक रोमन आकड्यांत असला, तर वाचणारा घाईत एकाला दुसरे समजतो. संपूर्ण पोस्टरवर आकड्यांची एकच लिपी असावी, असा आग्रह मी धरतो.

नावांच्या बाबतीत शुद्धलेखनाचे नियम लागू करू नयेत. एखादी व्यक्ती स्वतःचे नाव ‘किर्ती’ असे लिहीत असेल, तर पोस्टरवरही ‘किर्ती’च हवे, जरी ‘कीर्ती’ हा शब्द दीर्घ वेलांटीने लिहीत असले तरी. उपाध्या मात्र एकसारख्या हव्यात. एका वक्त्याला ‘डॉ.’ आणि दुसऱ्याला, तीच पदवी असताना, काहीच नाही, असे झाले तर ज्याची राहिली त्याला ते लागते.

अक्षरे: अर्थ बाजूला ठेवून पाहणे

पोस्टर वाचताना आपण अक्षरे वाचत नाही, ओळखीचे शब्द ओळखतो, आणि शब्द जितका ओळखीचा व जितका मोठा, तितका तो न वाचताच पुढे जातो. एकदा एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर मी तळाच्या बारीक मजकुरातील सात चुका काढून दिल्या आणि शीर्षकातील ‘कार्यशळा’ माझ्या नजरेतून सुटले. काना नसलेला तो शब्द हातभर मोठ्या अक्षरांत भिंतींवर लागला. सातही दुरुस्त्या बरोबर झाल्या होत्या, पण कोणीही त्या पाहिल्या नाहीत. त्या दिवसापासून मी तपासणी शीर्षकापासून सुरू करतो आणि शीर्षकावरच संपवतो.

यासाठी पद्धत अशी: प्रथम पोस्टर कागदावर छापून घ्यावे. ए-३ पोस्टर साध्या ए-४ कागदावर ७१ टक्के आकारात बसते. मग शीर्षकातील एकेक अक्षर बोट ठेवून सुटे उच्चारावे: छा, या, चि, त्र. त्यानंतर उरलेला मजकूर खालून वर, एकेक ओळ उघडी ठेवून आणि बाकी कोऱ्या कागदाने झाकून वाचावा. उलट क्रमाने वाचल्यामुळे पुढच्या शब्दाचा अंदाज बांधता येत नाही आणि नजर अक्षरावर थांबते. शक्य असेल तर शेवटी दुसऱ्या कोणालातरी मूळ मजकूर मोठ्याने वाचायला सांगावा आणि आपण पोस्टरवर बोट फिरवावे. वाचणाऱ्याने ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘कंस’ हेही उच्चारावे. एखादी अख्खी ओळ गळली असेल तर ती याच फेरीत सापडते. शुद्धलेखनाच्या फेरीत ती कधीच सापडत नाही, कारण जे छापलेलेच नाही त्यात चूक दिसणार कशी?

आता नमुना पोस्टरवरील शब्द घेऊ. ‘जेष्ठ’ हे ‘ज्येष्ठ’ हवे. ‘विद्यार्थांसाठी’ मध्ये य राहिला आहे. विद्यार्थी या शब्दाचे सामान्यरूप ‘विद्यार्थ्या’ असे होते, म्हणून ‘विद्यार्थ्यांसाठी’. ही चूक इतकी सर्रास होते की अनेकांच्या डोळ्यांना ती खटकतही नाही. ‘सर्वानी’ मध्ये अनुस्वार नाही. ‘उपस्थीत’ मध्ये वेलांटी चुकली आहे, आणि तिच्यामागचे कारण समजून घेतले तर पोस्टरवरचे निम्मे ऱ्हस्वदीर्घ सुटतात.

मराठी लेखनाचे शासनमान्य नियम अठरा आहेत. त्यांतील १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये स्वीकारले गेले. त्यांनुसार मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार दीर्घ लिहितात: गरीब, वकील, फूल. या सवयीनेच ‘उपस्थीत’, ‘आयोजीत’, ‘निमंत्रीत’, ‘शिबीर’, ‘पारितोषीक’ असे लिहिले जाते. पण हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आहेत आणि ते मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतात: उपस्थित, आयोजित, निमंत्रित, शिबिर, पारितोषिक. उलट ‘विनीत’ आणि ‘अध्यक्षीय’ मुळातच दीर्घ आहेत, म्हणून तिथे ‘विनित’ आणि ‘अध्यक्षिय’ चुकीचे. पोस्टरच्या भाषेत पुन्हा पुन्हा येणारे असे शब्द मोजकेच असतात. ‘उद्घाटन’, ‘रूपरेषा’, ‘सुरुवात’, ‘महत्त्व’, ‘उज्ज्वल’ ही त्यांत भर घालून वीसएक शब्दांची यादी प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवावी आणि शंका आली की शब्दकोश उघडावा.

‘नि:शुल्क’ वाचायला बरोबर वाटते, पण इथे विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केलेला आहे. मोठ्या आकारात पाहिले की विसर्गाचे ठिपके अक्षराला धरून आणि बहुतेक फॉन्टमध्ये पोकळ किंवा गोल दिसतात, तर अपूर्णविरामाचे ठिपके जरा सुटे आणि निराळ्या उंचीवर बसतात. दिसण्यापलीकडेही यात अडचण आहे: अपूर्णविराम हे विरामचिन्ह असल्यामुळे काही वेळा ओळ तिथे तुटते आणि ‘नि:’ एका ओळीत व ‘शुल्क’ दुसऱ्या ओळीत जाते. पोस्टरवर दुसरी ओळ नुसती ‘शुल्क’ अशी उरली, तर मोफत कार्यक्रमाला शुल्क आहे असा अर्थ होतो. दुरुस्ती सांगताना ‘निःशुल्क’ असा शब्द स्वतः टाइप करून पाठवावा.

लेखकाने बरोबर लिहिले, फॉन्टने मोडले

मूळ मजकूर निर्दोष असूनही पोस्टरवर चुका उगवतात, आणि त्या ओळखणे हे मराठी मुद्रितशोधनाचे खास अंग आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार एक घर पुढे सरकतो: ‘कार्यशाळा’चे ‘कायर्शाळा’, ‘मार्गदर्शन’चे ‘मागर्दशर्न’, ‘स्पर्धा’चे ‘स्पधार्’. असा एक शब्द सापडला की रफार असलेला प्रत्येक शब्द शोधून पाहावा, कारण ही चूक एकटी येत नाही.

दुसरा प्रकार सॉफ्टवेअरच्या मांडणीचा. देवनागरीची जोडणी न कळणाऱ्या सेटिंगमध्ये मजकूर चिकटवला, की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत Adobe World-Ready Paragraph Composer निवडले की हा दोष जातो. डिझायनर मराठी वाचणारा नसेल तर त्याला मोडलेले अक्षर आणि नीट अक्षर यांतला फरक दिसत नाही, हे लक्षात ठेवून नीट जुळलेल्या शब्दाचे चित्रही सोबत पाठवावे.

तिसरा प्रकार ‘दुसर्या’चा. मराठीत र चे दोन अर्धे आकार आहेत आणि त्यांचा उच्चार वेगळा आहे: ‘आचार्यांना’ म्हणजे आचार्य असलेल्यांना, आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे आचारी असलेल्यांना. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्यांनी’, ‘पदाधिकाऱ्यांच्या’ अशा शब्दांत डोक्यावर रफार दिसला तर तो चुकीचाच. कधी टाइप करणाऱ्याने साधा र वापरलेला असतो, तर कधी त्या फॉन्टमध्ये हे अक्षरच नसते. दुसऱ्या परिस्थितीत पुन्हा टाइप करून काही होत नाही, फॉन्टच बदलावा लागतो. शीर्षकाचा फॉन्ट हिंदीसाठी घडवलेला असेल, तर ल आणि श यांचे आकारही हिंदी वळणाचे येतात. ती चूक म्हणता येणार नाही, पण मराठी वाचकाला ती परकी वाटते, म्हणून मी ती सूचना म्हणून कळवतो.

चौथी गोष्ट शिरोरेघेची. रोमन शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवले की ते डौलदार दिसते. तोच उपाय देवनागरीवर केला की शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अक्षरांना बाहेरून जाड किनार दिली असेल, तर काना किंवा वेलांटी जिथे अक्षराला भेटते तिथे किनारीची रेघ मध्येच आडवी आलेली आढळते. दोन्ही दोष शीर्षक चारपट मोठे करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

मांडणी

देवनागरी ओळीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते. रोमन मजकुराच्या मापाने ओळी जवळ आणल्या, की वरच्या ओळीतील ‘कृ’चा पाय खालच्या ओळीतील वेलांटीला टेकतो, आणि कधी वाचकाला तिथे नसलेली मात्रा दिसते. १४ पॉइंटच्या अक्षरांना निदान २० पॉइंटचे ओळअंतर असावे असे मी सुचवतो. फॉन्टप्रमाणे ते कमीजास्त होईल. अक्षरे एकमेकांना टेकलेली नाहीत, ही खरी कसोटी.

ओळी कुठे तुटतात तेही पाहावे. ‘डॉ.’ एका ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, ‘सकाळी १०’ वर आणि ‘ते दुपारी १’ खाली, अशा तुटलेल्या ओळी शुद्धलेखनात बसतात पण वाचताना अडखळवतात. त्यानंतर प्रतिमा इतकी लहान करावी की ती अंगठ्याएवढी दिसेल. त्या आकारातही कार्यक्रमाचे नाव आणि तारीख वेगळी उठून दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर छायाचित्र किंवा चिन्हे त्यांची जागा खात आहेत.

शेवटी कडा. छापलेला कागद कापताना पाते मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून पार्श्वभूमी कापायच्या रेषेबाहेर सहसा ३ मिलिमीटर वाढवलेली असते, आणि मजकूर रेषेपासून बराच आत ठेवतात. ए-३ पोस्टरवर १० मिलिमीटर ठेवावे. नमुना पोस्टरच्या प्रतिमेत ११३१ पिक्सेल म्हणजे २९७ मिलिमीटर, अर्थात एका मिलिमीटरला जवळपास ३.८ पिक्सेल. आयोजकांच्या नावांची शेवटची ओळ खालच्या कडेपासून १२ पिक्सेलवर आहे, म्हणजे केवळ तीन मिलिमीटर आत. प्रतिमेत बाहेरची वाढीव पट्टीही धरलेली असेल, तर ती ओळ थेट पात्याखाली आहे. ही पट्टी धरली आहे की नाही, हे प्रतिमेवरून कळत नाही, म्हणून डिझायनरला विचारावे. रंगांचेही तसेच: पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा हिरवा कागदावर मंदावतो, आणि तो किती मंदावेल हे फोनवर पाहून सांगता येत नाही. रंग महत्त्वाचा असेल तर छापील नमुनाच मागावा.

उत्तर कसे लिहावे आणि दुसरी प्रत कशी पाहावी

दुरुस्त्या बोलून पाठवू नयेत. ‘ती खालची ओळ जरा बघा, वेलांटी चुकली आहे’ असा ध्वनिसंदेश ऐकणाऱ्याला कोणती वेलांटी हे कळत नाही, आणि तो अंदाजाने दुसरीच बदलतो. फाइलचे नाव वर लिहून, क्रमांक घालून, जागा सांगून, आत्ता काय आहे आणि काय हवे ते अक्षरात द्यावे. नमुना पोस्टरसाठी ते असे होईल:

१. शीर्षकाखालची ओळ: ‘जेष्ठ’ आहे, ‘ज्येष्ठ’ हवे.
२. तारखेची ओळ: वार व तारीख जुळत नाहीत. आयोजकांच्या उत्तरापर्यंत ही ओळ थांबवावी.
३. छायाचित्राखालची पहिली ओळ: ‘विद्यार्थांसाठी दुसर्या’ आहे, ‘विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या’ हवे.
४. प्रवेशाची ओळ: ‘नि:शुल्क’ आहे, ‘निःशुल्क’ हवे, शब्द दोन ओळींत तुटू देऊ नये.
५. त्याखालची ओळ: ‘सर्वानी उपस्थीत’ आहे, ‘सर्वांनी उपस्थित’ हवे.
६. क्यूआर कोड: गेल्या वर्षीच्या नोंदणीचा आहे, नवा दुवा सोबत पाठवला आहे.
७. तळाची ओळ: कडेपासून १० मिलिमीटर आत घ्यावी.

मतांच्या सूचना, म्हणजे रंग, फॉन्ट, छायाचित्राची निवड, या यादीत मिसळू नयेत. त्या वेगळ्या परिच्छेदात ‘वेळ असल्यास’ म्हणून लिहाव्यात, नाहीतर डिझायनर रंग बदलण्यात गुंततो आणि तारीख राहून जाते.

दुरुस्त प्रत आली की केवळ सात जागा पाहून थांबू नये. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द रुंद झाला, तर ती ओळ दोन ओळींची होते, खालचा मजकूर सरकतो आणि तळाची ओळ पुन्हा कडेला जाते. म्हणून जुनी आणि नवी प्रत एकाच आकारात लागोपाठ उघडून मागेपुढे करावी. जे हलले ते डोळ्यांना लगेच जाणवते. हललेल्या प्रत्येक जागेचे कारण आपल्या यादीत सापडले पाहिजे. न सापडल्यास ती नवी चूक समजून विचारावे. बदललेली ओळ पूर्ण वाचावी, नुसता बदललेला शब्द नव्हे, कारण दुरुस्ती करताना शेजारचे अक्षर पुसले जाणे नेहमीचे आहे.

सगळे जुळल्यावर मंजुरी फाइलच्या नावानिशी लिहावी: ‘अमुक नावाची, तिसरी प्रत, मजकूर व मांडणी छपाईस मंजूर, रंग छापील नमुन्यावर ठरवू.’ नाव न लिहिता ‘फायनल करा’ असे म्हटले, तर छापखान्याच्या संगणकावर असलेल्या तीन प्रतींपैकी कोणतीही छापली जाऊ शकते. छपाई सुरू करण्यापूर्वी पहिला एकच कागद काढून दाखवण्याची विनंतीही याच संदेशात करावी, आणि तो हाती आला की शीर्षक अक्षर सुटे करून वाचावे, तारीख आरक्षणपत्राशी ताडावी आणि क्यूआर कोड त्या कागदावरूनच फोनने उघडावा.